रिजेक्शनच्या वहीतली एक खोटी नोंद

"चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी नऊ वर्षं सीएनसी ऑपरेटर होतो. दोन महिन्यांपूर्वी मला टीम लीडर केलं. लाइनवर अकरा जण, सगळे जुने सोबती. आमची भिशीसुद्धा माझ्याकडेच आहे. गेल्या महिन्यात माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राने नाइटला इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, बदलल्यावर फर्स्ट पीस मोजला नाही. पीसमधलं भोक, म्हणजे बोअर, मोठा झाला आणि 140 पीस भंगारात गेले. मी रिपोर्टमध्ये 'टूल ब्रेकेज' लिहिलं. आता बाकीचे कुजबुजतात. रविवारच्या ओटीची यादी लावली की तोंडं वाकडी होतात. आमच्यात सर्वांत जुने अण्णा. हे पद त्यांना मिळेल असं सगळ्यांना वाटत होतं. ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. ट्रेनिंगमध्ये सांगितलं, 'मॅनेजर होऊ नका, लीडर व्हा.' म्हणजे मी नक्की काय करायचं? कडक वागलो तर मित्र जाईल, नाही वागलो तर लाइन."
— टीम लीडर, चाकण

नमस्कार,

सगळ्यात आधी ती नोंद दुरुस्त करा. ओटी, अण्णा, कुजबुज हे सगळं त्यानंतर. ती नोंद आहे तशी राहिली, तर पुढे मी जे सांगणार आहे त्यातलं काहीच लागू पडणार नाही.

ती नोंद नुसती मित्राला वाचवणारी नाही. ती तुमच्या लाइनला चुकीच्या दिशेला पाठवते. 'टूल ब्रेकेज' वाचल्यावर टूल रूमवाला इन्सर्टची बॅच तपासेल, कदाचित ग्रेड बदलेल, फीड कमी करायला सांगेल. फीड कमी झाला की सायकल टाइम वाढेल आणि पुढच्या महिन्यात प्रोडक्शन का घटलं, हे साहेब तुम्हालाच विचारतील. खरं कारण मात्र मशीनवर तसंच बसून राहील. पुढच्या नाइटला, पुढच्या इन्सर्टला ते पुन्हा होईल. दुसरा कोणीतरी 60 पीस घालवेल आणि तुमच्याकडे बघत उभा राहील. त्याचंही 'टूल ब्रेकेज' लिहिणार का, हा प्रश्न तो तोंडाने विचारणार नाही. पण तुम्ही काय लिहिता ते अकराही जण बघतील.

त्या रात्री काय झालं असेल, याचा मला अंदाज आहे. तुम्ही स्वतः नऊ वर्षं ऑपरेटर होता, तुम्हालाही असेल. बोरिंगचा इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर हळूहळू लहान यायला लागतो. ऑपरेटर वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायला मशीनमध्ये टाकतात त्या आकड्यात, थोडं थोडं प्लस देत बोअर साइझवर धरून ठेवतो. शिफ्टच्या शेवटी असं दिलेलं प्लस 20-30 मायक्रॉनपर्यंत गेलेलं असतं. मग नवा इन्सर्ट लागतो, त्याची धार पूर्ण असते, आणि जुनं प्लस ऑफसेटमध्ये तसंच राहून गेलेलं असतं. 25 मिलिमीटरच्या बोअरला एच7 टॉलरन्स असेल तर मोकळीक सगळी 21 मायक्रॉनची. ऑफसेट शून्यावर न आणता सायकल स्टार्ट दाबली की पहिल्या पीसपासून शेवटच्या पीसपर्यंत सगळे बाद. लहान बोअर पुन्हा कापून साइझवर आणता येतो, मोठा झालेला बोअर भंगार. म्हणून तर जुने सेटर इन्सर्ट बदलल्यावर मुद्दाम बोअर लहान ठेवून पहिला पीस काढतात, मोजतात आणि मग साइझवर आणतात.

आता हिशोब बघा. तुमचा सायकल टाइम तुम्ही लिहिलेला नाही, समजा 75 सेकंद आहे. म्हणजे तासाला 48 पीस, आणि 140 पीस म्हणजे जवळपास तीन तास. त्या तीन तासांत फर्स्ट पीस तपासला गेला नाही, हे एक झालं. पण तासातासाची तपासणीसुद्धा दोनदा झाली नाही. ती झाली असती तर नुकसान पन्नासाच्या आत थांबलं असतं. चांगला, अनुभवी ऑपरेटर एकदा विसरतो. तो तीनदा मोजत नाही, तेव्हा बहुतेक वेळा मोजणं त्याला अवघड झालेलं असतं. गेज कुठे होतं? क्वालिटीच्या खोलीत, कुलपात? रात्री एकच इन्स्पेक्टर तीन लाइन बघत होता? फर्स्ट पीस पास व्हायला अर्धा-पाऊण तास मशीन उभी ठेवावी लागते, आणि सकाळी बोर्डावर 'टार्गेटपेक्षा 35 कमी' असं त्याच्याच नावापुढे लिहिलं जातं, असं तर नाही? आणि ते आकडे दोन महिन्यांपासून कोण लिहितंय? तुम्हीच ना?

ट्रेनिंगमधल्या त्या वाक्याबद्दल बोलायचं ते इथे. मॅनेजर आणि लीडर ही दोन वेगळी माणसं आहेत का, असा प्रश्न हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अब्राहम झालेझ्निक यांनी 1977 साली मांडला आणि तेव्हापासून तो चघळला जातो आहे. त्याच संस्थेतल्या जॉन कॉटर यांनी 1990 मध्ये त्याची जी मांडणी केली ती मला कामाची वाटते. पसारा आवरणं हे मॅनेजमेंट, आणि बदल घडवताना माणसं सोबत नेणं हे लीडरशिप. एक चांगलं नि दुसरं वाईट, असं त्यांनी म्हटलेलं नाही. दोन्ही लागतात असंच म्हटलं आहे. पुढे त्याची पोस्टरं झाली. एकीकडे खुर्चीवर बसून बोट दाखवणारा, दुसरीकडे दोरी ओढणारा. तेच पोस्टर तुमच्या ट्रेनिंगमध्ये लावलेलं असणार.

कालपर्यंत बरोबरीने डबा खाणाऱ्यांवर ज्याला नेमलं आहे, त्याला ते पोस्टर महागात पडतं. तो मॅनेजमेंटचं काम टाळतो, कारण यादी लावणं, नोंद करणं, रजा नाकारणं म्हणजे 'मॅनेजरगिरी' असं त्याला वाटतं. तो समजुतीने घेत राहतो. पण तुमच्या लाइनवर तुम्ही किती प्रेरणा देता याची वाट कोणीही बघत नाहीये. रविवारी कोणाला बोलावलं, गणपतीत कोणाची रजा मंजूर झाली, कोणाच्या चुकीला काय नाव पडलं, हे लोक बघताहेत. जुन्या सोबत्यांचा लीडर होण्याचा रस्ता या कंटाळवाण्या कागदांवरूनच जातो. तुमच्या जागी परका सुपरवायझर आला असता तर त्याच्या यादीवर कोणी शंका घेतली नसती. तुमच्या यादीवर घेतात, कारण तुमची दोस्ती कोणाशी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून परक्यापेक्षा तुमची वही जास्त स्वच्छ हवी.

मी हे एका माणसाच्या तोंडून शिकलो. भोसरीत एका कारखान्यात मी टर्नरचा चार्जहँड झालो त्याला महिना झाला असेल. तिथे तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापायचे. माझा मित्र महिन्यात तिसऱ्यांदा उशिरा आला. त्याचं मूल आजारी होतं, रात्रभर दवाखान्यात होता. मी मस्टरवर वेळेत आल्याची सही केली. पंधरा दिवसांनी एका हेल्परचा तिसरा लेट झाला आणि मी नियमाप्रमाणे अर्धा दिवस लावला. तो काही बोलला नाही. सुट्टी झाल्यावर हात धुताना माझ्याशेजारी उभा राहिला, साबणाचा तुकडा परत जागेवर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, माझंही पोरगं आजारी होतं. तुम्ही विचारलं नाही." त्या दिवसापर्यंत तो मला नावाने हाक मारायचा.

मी दुसऱ्या दिवशी माझ्या वरिष्ठांना सगळं सांगितलं आणि मित्राचा लेट मार्क परत लावून घेतला. मित्र चार महिने बोलला नाही. मग बोलायला लागला. त्या हेल्परने मात्र मला पुन्हा कधी नावाने हाक मारली नाही. मित्र दुखावल्याचं मला वाईट वाटलं होतं, पण माझी खरी चूक त्याच्या बाबतीत झालेली नव्हती. एकाची अडचण मला आपोआप ठाऊक होती आणि दुसऱ्याची मी विचारलीच नव्हती. मित्राला झुकतं माप द्यावं लागतच नाही, ते असं नकळत पडतं.

तर आता त्या 140 पीसचं.

आधी मित्राशी बोला. शिफ्ट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, कारखान्यातच, उभ्या उभ्या. टपरीवर नको, त्याच्या घरी तर नकोच. घरी वहिनींनी चहा ठेवला की तुम्ही पाहुणे होता आणि हे बोलणं होत नाही. एकमेकांना जी हाक मारत आलात तीच मारा, अरे-तुरे असेल तर अरे-तुरेच. मात्र पहिलं वाक्य विनंतीचं नको. काहीसं असं: "त्या रात्रीची नोंद मी खोटी केली. ती आज बदलतोय. साहेबांकडे जायच्या आधी तुला सांगायला आलो." मग थांबा. तो चिडेल, कदाचित म्हणेल, "दोन महिन्यांत बदललास." त्यावर वाद घालू नका, आपली बाजू मांडू नका. त्याचं बोलून झालं की विचारा, "त्या रात्री काय झालं ते सुरुवातीपासून सांग. इन्सर्ट किती वाजता बदललास? गेज कुठे होतं?" आणि लिहून घ्या. तो तुमचा मित्र आहे, त्यामुळे इतर कोणी सांगणार नाही ते तुम्हाला सांगेल. तुमच्या दोस्तीचा लाइनला होणारा हा खरा फायदा आहे, तो वाया घालवू नका.

मग त्याच दिवशी साहेबांकडे. तिथे "आमच्याकडून नोंद चुकली" असं आडून बोलू नका. "मला कारण ठाऊक होतं, तरी मी दुसरं लिहिलं." यावर तुम्हाला बोलणी बसतील. मेमोही मिळू शकतो, तो घ्या. हे कस्टमर कंप्लेंटच्या चौकशीत बाहेर आलं असतं तर त्याची किंमत मेमोपेक्षा फार मोठी झाली असती. जाताना दोन गोष्टी सोबत न्या: त्या रात्रीची घड्याळाप्रमाणे हकीकत, आणि गेजबद्दलची एक मागणी. तिच्याविषयी पुढे लिहितो.

मित्रावर काय कारवाई व्हावी हे तुम्ही ठरवू नका. तुमच्या पदाला तो अधिकार नसतोच. ताकीद, मेमो, निलंबन हे एचआरकडून आणि स्थायी आदेशांप्रमाणे होतं. टीम लीडरने "तुला घरी बसवीन" म्हणणं चूक आणि "तुला काही होऊ देणार नाही" म्हणणंही चूक, कारण दोन्ही शब्द त्याच्या हातातले नाहीत. तुम्ही घडलं ते खरं सांगा आणि गेजची अडचण खरी निघाली तर तीही तितक्याच ठामपणे सांगा. मित्राच्या बाजूने बोलायचं असेल तर ते असं, कागदावर आणि त्याच्या समोर.

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांच्या मीटिंगमध्ये दोनच वाक्यं बोला: त्या लॉटचं कारण मी चुकीचं लिहिलं होतं, ते दुरुस्त केलंय. यापुढे जे घडेल तेच लिहिलं जाईल, कोणाचंही असो. मित्राचं नाव घेऊ नका, सगळ्यांना ते ठाऊक आहे. नंतर लगेच आजच्या प्लॅनवर या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांपुढे तुमच्यासारखाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. कामगारांतूनच हजारो सुपरवायझर घाईने करावे लागले. त्यांना शिकवायला 1940 मध्ये सरकारने एक कार्यक्रम सुरू केला. त्यातला माणसांशी वागण्याचा भाग युद्धानंतर जपानमध्ये गेला आणि टोयोटाने तो उचलला. त्यात कोणत्याही तंट्यासाठी चार पायऱ्या सांगितल्या होत्या: आधी सगळी हकीकत गोळा करा, मग तोलून ठरवा, मग करा, आणि काय झालं ते परत जाऊन बघा. साध्या वाटतात, पण नवा लीडर यातली पहिली आणि शेवटची पायरी हटकून गाळतो. तुम्ही पहिली गाळली. मित्राला विचारलंच नाही, थेट पांघरूण घातलं. पांघरूण घालणं आणि हकीकत न ऐकता ओरडणं, दोन्हींत माणसाला काय घडलं ते विचारायचं राहूनच जातं.

हकीकत गोळा केल्यावर गेजचीच गोष्ट निघाली असं धरून चालू. मग बोअर गेज आणि ते शून्यावर लावायची रिंग मशीनशेजारी आणणं, त्यांची कॅलिब्रेशनची तारीख सांभाळणं, फर्स्ट पीसच्या शीटवर इन्सर्ट बदलल्याची वेळ आणि पीस पास झाल्याची वेळ असे दोन रकाने वाढवणं हे झालं मॅनेजमेंट. ते दोन रकाने छोटे दिसतात. पण महिनाभर भरले की फर्स्ट पीससाठी मशीन किती मिनिटं उभी राहते हे पहिल्यांदाच कोणालातरी कळेल. आणि सगळ्यांसमोर, साहेबही उभे असताना, "इन्सर्ट बदलल्यावर मोजल्याशिवाय मशीन चालणार नाही, आणि त्यामुळे पीस कमी पडले तर उत्तर मी देईन," असं म्हणणं ही लीडरशिप. रकान्यांशिवाय ते वाक्य नुसतं भाषण आहे. वाक्याशिवाय रकाने म्हणजे ऑपरेटरच्या डोक्यावर आणखी एक कागद, जो तो सकाळी एकदम बसून भरून टाकेल.

साहेबांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. खरं लिहायला लागलात की रिजेक्शनचा आकडा पहिला महिना-दीड महिना वाढलेला दिसेल. माल बिघडला म्हणून नाही, लपलेला माल वहीत यायला लागला म्हणून. हे आधी सांगितलं नाही तर तुमच्यावर दबाव येईल, तो तुम्ही खाली ढकलाल आणि महिन्याभरात सगळं होतं तिथे जाईल. याच्या उलटही लक्षात ठेवा. एखाद्या आठवड्यात रिजेक्शन शून्य दिसलं तर खूश होण्याआधी चिपच्या ट्रॉलीत आणि मशीनच्या मागे एक नजर टाका. तुम्ही आल्यावर गप्पा थांबतात याची काळजी करू नका, त्या थांबणारच. वाईट बातमी तुमच्यापर्यंत उशिरा पोहोचायला लागली, तर मात्र काळजी करा.

ओटीचा प्रश्न पैशांचा आहे, म्हणून तो रुसव्याफुगव्यांवर सोडू नका. कायद्याने ओटीचा दर दुप्पट. ज्याची तासाची मजुरी 100 रुपये आहे त्याला एका रविवारचे आठ तास म्हणजे 1600 रुपये. महिन्याचे चार रविवार एकालाच मिळाले तर साडेसहा हजारांच्या आसपास, म्हणजे घराचं भाडं निघालं. तुमची यादी शनिवारी दुपारी लागत असेल आणि कोणाचं नाव का आलं हे तुमच्या डोक्यात असेल, तर तोंडं वाकडी होणं साहजिक आहे. एका पानावर अकरा नावं, पुढे गेल्या तीन महिन्यांचे रविवार. ज्याचे कमी, तो आधी. त्या मशीनचं काम येत असलं पाहिजे, एवढीच अट. ज्याने नको म्हटलं त्याची पाळी गेली. हे पान बोर्डावर लावा आणि पुढच्या रविवारची नावं गुरुवारी टाका. पहिल्यांदा लावाल तेव्हा मित्राचे रविवार सगळ्यात जास्त निघाले, तर ते तसेच दिसू द्या. पुढचे काही आठवडे त्याचं नाव येणार नाही, हे त्यालाही आधी तुमच्या तोंडून कळू द्या.

रजेचंही असंच एक पान हवं, वर्षभराचं. कोकणातल्या पोरांना गणपती हवे असतात, मराठवाडा-विदर्भातल्यांना पोळा आणि जूनमधली पेरणी, आणि दिवाळी सगळ्यांनाच. मागच्या वर्षी कोणाची कोणती रजा हुकली हे लिहिलेलं असेल तर या वर्षीचं 'नाही' ऐकून घेतलं जातं. फक्त गणपती जवळ आल्यावर हे पान काढू नका, आत्ता काढा.

अण्णांशी एकदा मोकळं बोलायला हवं, आणि तेही लांबवू नका. त्यांची माफी मागू नका. पद तुम्ही चोरलेलं नाही. "तुम्ही तर माझे गुरू" असलं गोड बोलूनही उपयोग नाही, चाळीस मशीन बघितलेल्या माणसाला त्यातला पोकळपणा लगेच कळतो. एवढंच म्हणा, "अण्णा, हे तुम्हाला मिळेल असं मलाही वाटलं होतं," आणि गप्प राहा. ती शांतता अवघड जाईल, पण तुम्ही भरू नका. ते काही बोलतील किंवा बोलणार नाहीत.

मग त्यांना खरं काम द्या, ज्यात अधिकार आहे असं. तुमच्याच गोष्टीतून एक काम निघतं. रात्री इन्स्पेक्टर अडकलेला असताना फर्स्ट पीस पास करायला लाइनवरचाच एक माणूस अधिकृत करून घ्यायचा. क्वालिटीला विचारून, त्याची चाचणी करून, त्याच्या सहीचा नमुना शीटवर लावून. अण्णांचं नाव द्या. ते दिवसपाळीला असतील तर नव्या पोरांना इन्सर्ट बदलणं आणि ऑफसेट शिकवण्याची जबाबदारी त्यांची, आणि कोण तयार झालं हे स्किल मॅट्रिक्सवर त्यांच्या सहीने ठरू दे. एकदा ही सही त्यांची ठरली की तिच्यावरून तुम्ही जायचं नाही. त्यांनी मशीन थांबवली आणि डिस्पॅचची घाई असली, तरीही. चारचौघांत ते जसे 'अण्णा' होते तसेच राहू द्यात. पद मिळाल्यावर नुसतं नाव घेऊन हाक मारायला लागलेले लोक मी पाहिलेत, ते लाइनला खटकतं आणि विसरलं जात नाही. एवढं करूनही अण्णा मोकळे होणार नाहीत, असं होऊ शकतं. तो त्यांचा हक्क आहे. काम नीट होत असेल तर दुरावा तसाच राहू द्या.

भिशी मात्र या महिन्यात दुसऱ्या कोणाकडे द्या. तुमच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. पण ज्याच्या हातात रविवारची यादी आहे त्याच्याच हातात पैशांची वही असली, तर हप्ता थकलेला माणूस ओटी नाकारू शकत नाही आणि तुम्ही त्याला ओटी दिलीत तरी त्याचा वेगळाच अर्थ लागतो. सभासद म्हणून राहायला हरकत नाही. लाइनवरच्या कोणाकडून उसने घेतले असतील तर ते आधी फेडून टाका.

व्हॉट्सअॅपवरच्या जुन्या ग्रुपमधूनही बाहेर पडा, न सांगता नाही, सांगून. "आता तुम्हाला माझ्याबद्दलही बोलायला जागा हवी," असं सरळ लिहा. हे मनापासून सांगतो, कारण मला ते जड गेलं होतं. तुमच्यावर वैतागायला त्यांना कोपरा लागतो, आणि तो त्यांच्याकडे असला की त्यातलं बरंचसं तिथेच विरून जातं. टपरीवरचा चहा सोडू नका. तिथे रजा, ओटी, टार्गेट यांचा विषय निघाला तर "हे आत बोलू" म्हणा आणि आत गेल्यावर खरंच बोला. तुमचा कारखाना युनियनचा असेल तर कमिटीवरच्या माणसाला ओटीचं पान लावायच्या आदल्या दिवशी दाखवा. मान्यता मागायची म्हणून नाही, त्याला ते बोर्डावर पहिल्यांदा दिसू नये म्हणून.

मित्र जाईल का, असं विचारलंत. काही महिने जाईल असं धरून चला. तुमची दोस्ती दोन महिन्यांपूर्वी होती तशी राहणार नाही, कारण आता त्याच्या रविवारवर तुमची सही आहे. पण सध्या तो कोणत्या अवस्थेत आहे हेही बघा. अकरा जणांच्या नजरेत तो 'लीडरचा माणूस' झाला आहे. त्याने चांगलं काम केलं तरी ते तुमच्यामुळे चालून गेलं असं म्हटलं जातं. ती नोंद दुरुस्त झाली की त्याच्यावरचंही हे ओझं उतरेल.

आणि परत जाऊन बघायची ती चौथी पायरी गाळू नका. गेज मशीनवर आल्यावर मित्राच्या पहिल्या नाइटला तुम्ही थांबा. त्याच्या पाठीशी उभं राहायचं नाही, लाइनच्या टोकाला आपलं काम करत राहायचं. रात्री दीड-दोनला इन्सर्ट बदलायची वेळ येईल. तो मशीन थांबवेल, जुनं वेअर शून्यावर आणेल, बोअर लहान ठेवून एक पीस काढेल, हवेने साफ करेल, रिंगवर गेज लावून घेईल आणि मोजेल. याला किती मिनिटं लागली ते घड्याळात बघून ठेवा. सकाळी बोर्डावर पीस कमी पडलेले दिसतील तेव्हा ती मिनिटं तुम्हीच, तुमच्या अक्षरात, कारणाच्या रकान्यात लिहा.